ग्रेड तीन म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

हल्ली रिपोर्ट आधी फोनवर येतो आणि डॉक्टर नंतर भेटतात. नोएडा, गुरुग्राम, दिल्ली, कुठेही जा, ऑपरेशननंतर आठ-दहा दिवसांनी मेसेज येतो, पीडीएफ उघडते आणि घरातलं जे कुणी इंग्रजी बरं वाचतं त्याच्याकडे फोन सरकवला जातो. डॉक्टरांची वेळ असते परवाची. मधल्या दोन दिवसांत पुण्याच्या आत्यापासून नागपूरच्या मावशीपर्यंत सगळ्यांना उत्तर द्यायचं असतं, आणि ज्यांचा रिपोर्ट आहे त्या सासूबाई बाहेरच्या खोलीत बसून सगळं ऐकत असतात.

समजा, रिपोर्ट स्तनाच्या कर्करोगाचा आहे. स्तन न काढता फक्त गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या आहेत. उदाहरण बनवलेलं आहे, पण असे रिपोर्ट रोज येतात. त्यात लिहिलंय: ग्रेड ३, गाठ २.३ सेंटीमीटर, मार्जिन निगेटिव्ह, सर्वांत जवळचं मार्जिन मागच्या बाजूचं, अंतर २ मिलिमीटर, ग्रंथी 1/14, आणि शेवटी pT2 pN1a.

पहिला घोटाळा बहुतेक वेळा आकारातच होतो. रिपोर्टच्या सुरुवातीला ‘ग्रॉस’ नावाचा भाग असतो. नुसत्या डोळ्यांनी काय दिसलं, ते त्यात लिहितात. तिथे ९ x ७ x ४ सेंटीमीटर असं काहीतरी दिसतं आणि घरात एकदम शांतता पसरते. तो आकार गाठीचा नसतो. सर्जनने काढून पाठवलेल्या अख्ख्या तुकड्याचा असतो. गाठ त्याच्या आत आहे आणि ती २.३ सेंटीमीटरची आहे.

आता ग्रेड. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तीन गोष्टी बघतात: पेशी अजून दुधाच्या नलिकांसारखी रचना करतात का, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी झाली आहेत आणि किती पेशी विभागताना दिसतात. प्रत्येकीला १ ते ३ गुण मिळतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३. आपल्या रिपोर्टमध्ये ३ अधिक ३ अधिक २, म्हणजे ८ झाले. ग्रेड हा पेशींचा स्वभाव आहे. त्या कितपत बिथरल्या आहेत आणि किती वेगाने वाढू पाहतात, एवढंच तो सांगतो. आजार शरीरात कुठवर गेला, याबद्दल तो काहीच सांगत नाही. ते काम स्टेजचं. म्हणून ‘ग्रेड ३’ वाचून फॅमिली ग्रुपवर ‘थर्ड स्टेज आहे’ असं टाकणं सरळ चुकीचं आहे, आणि एकदा टाकलेलं ते वाक्य मागे घेता घेता महिना जातो.

स्टेजसाठी बघायचं pT2 pN1a कडे. छोटा p म्हणजे काढलेल्या तुकड्याची प्रत्यक्ष तपासणी करून ठरवलेलं. T2 म्हणजे गाठ २ सेंटीमीटरपेक्षा मोठी, पण ५ पेक्षा मोठी नाही. N1a म्हणजे काखेतल्या एक ते तीन ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. इथे 1/14 वाचताना लोक अडखळतात. याचा अर्थ चौदा ग्रंथी तपासल्या आणि त्यांतल्या एकीत पेशी होत्या. उरलेल्या तेरा स्वच्छ आहेत. (मराठीत आपण स्तनातल्यालाही गाठ म्हणतो आणि काखेतल्यालाही. ‘चौदा गाठी काढल्या’ हे वाक्य सासूबाईंच्या कानावर पडू देऊ नका. ‘ग्रंथी’ म्हणा.)

या साखळीतलं तिसरं अक्षर M, म्हणजे आजार यकृत, फुप्फुस, हाडं अशा दूरच्या ठिकाणी गेला आहे का. ते पॅथॉलॉजिस्टला कळू शकत नाही, कारण त्यांच्याकडे फक्त तुकडा आलेला असतो. ते स्कॅनवरून ठरतं. स्कॅन स्वच्छ असेल तर नुसता आकार आणि पसार बघून ही स्टेज २बी होते. २०१८ पासून लागू झालेल्या अमेरिकन पद्धतीत मात्र स्तनाच्या कर्करोगासाठी ग्रेड आणि ईआर, पीआर, हर-टू या चाचण्याही हिशोबात घेतात. त्यामुळे अंतिम आकडा सरकू शकतो. तो डॉक्टरांनाच मांडू द्या.

मार्जिनचं काय? आंब्याचा डागाळलेला भाग आपण कापतो, तेव्हा डागाभोवतीचा थोडा चांगला गरही घेतो. सर्जनही तेच करतात. मग लॅबमध्ये त्या तुकड्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला शाई लावतात, बऱ्याचदा वेगवेगळ्या बाजूंना वेगळ्या रंगाची, आणि त्यानंतर तो कापतात. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या तर मार्जिन ‘पॉझिटिव्ह’, म्हणजे आत काही उरलं असण्याची शंका. टेकलेल्या नसतील तर ‘निगेटिव्ह’. म्हणजे इथे निगेटिव्ह ही चांगली बातमी आहे. ‘मार्जिनपण निगेटिव्ह आलं हो’ असं रडवेल्या आवाजात सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात भेटतात.

मग २ मिलिमीटर कमी नाही का? आजूबाजूला पसरणाऱ्या स्तनाच्या कर्करोगासाठी, गाठ काढून पुढे रेडिएशन देणार असतील तर, शाईवर पेशी नसणं पुरेसं मानतात. २०१४ साली अमेरिकेतल्या सर्जन आणि रेडिएशन तज्ज्ञांच्या संस्थांनी तसं स्पष्ट लिहिलं. फक्त नलिकेच्या आत राहिलेल्या कर्करोगाला वेगळा नियम आहे, तिथे २ मिलिमीटर अंतर हवं मानतात. दुसऱ्या अवयवांची गणितं आणखी वेगळी. तोंडाच्या कर्करोगाच्या रिपोर्टला हा नियम लावू नका. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न एवढाच: मागची बाजू छातीच्या स्नायूपर्यंत काढली होती का? काढली असेल तर त्या दिशेला काढण्यासारखं फार काही उरत नाही.

ऑपरेशनच्या आधी सुईने केलेल्या बायॉप्सीच्या रिपोर्टमध्ये मार्जिन किंवा pT शोधू नका. ते नसणं म्हणजे लॅबची चूक नव्हे. सुईने फक्त बारीक तुकडे येतात. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्ये ग्रेडही कधी कधी बदलतो, कारण तेव्हा अख्खी गाठ समोर असते.

एवढं वाचून नातेवाइकांसाठी मेसेज असा होईल: ‘गाठ २.३ सेंटीमीटरची होती. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत. काखेतल्या १४ ग्रंथी तपासल्या, एकीत पेशी सापडल्या. पेशी वेगाने वाढणाऱ्या प्रकारच्या आहेत. ईआर, पीआर, हर-टू यायचे आहेत, त्यावर औषधं ठरतील. स्टेज डॉक्टर परवा सांगतील.’ यात काही लपवलेलं नाही आणि काही वाढवलेलंही नाही. सासूबाईंनी विचारलं तर त्यांनाही हाच मेसेज वाचून दाखवता येतो. त्यांना वगळून दाराआड कुजबुजण्यापेक्षा ते बरं.

दुसरं मत घ्यायला एम्सच्या झज्जरच्या कर्करोग संस्थेत किंवा मुंबईला टाटा हॉस्पिटलमध्ये जायचं असेल, तर पीडीएफ पुरत नाही. पहिल्या लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. त्यावरचे नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवून बघा. दिल्लीच्या मे महिन्यात ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं. त्याच ब्लॉकवर पुढच्या चाचण्या व्हायच्या असतात, आणि तो तुकडा पुन्हा मिळत नाही.