एक्सेल उघडत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी ॲड-इन तपासा

आज थोडं स्पष्ट बोलतो, आणि आमच्याच धंद्यातल्या लोकांना राग येईल असं बोलतो. एक्सेल उघडत नाही म्हटल्याबरोबर "ऑफिस काढून परत टाकू" किंवा "फॉरमॅट मारावं लागेल" असं सांगायची जी सवय पडली आहे, ती चुकीची आहे. बऱ्याच वेळा एक्सेल खराब झालेलंच नसतं. एक्सेल सुरू होताना त्याच्यासोबत जे दुसरं काही लोड होतं, त्यातलं एखादं अडकून बसतं. त्याला ॲड-इन म्हणतात.

मागच्या एका महिन्याच्या 10 तारखेला दारव्ह्याकडचे एक कृषी केंद्रवाले दुकानात आले. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-1 भरायची शेवटची तारीख, आणि विक्रीचा सगळा हिशेब एक्सेलमध्ये. म्हणाले, "भाऊ, एक्सेल उघडूनच नाही राहिलं. हिरवी पाटी येते, थांबते, अन् मग नॉट रिस्पॉन्डिंग." एका टेक्निशियनने त्यांचं ऑफिस काढून परत टाकून दिलं होतं. त्याचे पैसे गेले, दुखणं तसंच राहिलं.

का राहिलं ते समजून घ्या, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. कोणतं ॲड-इन चालू आहे याची नोंद बहुतेक वेळा तुमच्या विंडोज युजरच्या खात्यात असते, आणि .xlam ॲड-इनच्या फाइलीही तिथल्याच फोल्डरमध्ये असतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरने बसवलेलं ॲड-इन तर त्या सॉफ्टवेअरचंच असतं. ऑफिस काढलं तरी हे सगळं जागेवर राहतं. नवीन एक्सेल येतं, जुनी नोंद वाचतं, तेच ॲड-इन हाक मारून बोलावतं आणि पुन्हा तिथेच अडकतं. फॉरमॅट मारलं तर हे जातं, खरं आहे, पण सोबत तुमचे मॅक्रो, सेटिंग आणि बॅकअप न घेतलेल्या फाइलीही जातात.

म्हणून पहिली तपासणी सेफ मोडची. त्याआधी टास्क मॅनेजर उघडून अडकलेलं एक्सेल End task करा. मग विंडोजचं बटण आणि R सोबत दाबा आणि हे टाइप करून एंटर करा:

```
excel /safe
```

टाइप करायचा कंटाळा असेल तर Ctrl दाबून धरून एक्सेलच्या आयकॉनवर क्लिक करा, आणि सेफ मोडमध्ये सुरू करू का असा प्रश्न येईपर्यंत बोट उचलू नका. उघडल्यावर वर Safe Mode असं लिहिलेलं दिसतं. या मोडमध्ये एक्सेल ॲड-इन लोड करत नाही आणि XLSTART फोल्डरमधल्या फाइलीही उघडत नाही. म्हणजे साधं उघडत नाही पण असं उघडतं, तर एक्सेल धडधाकट आहे, चोर सोबतच्यांपैकी कोणीतरी आहे.

कृषी केंद्रवाल्यांचं सेफ मोडमध्ये लगेच उघडलं. ते खुश. म्हणाले, आता रोज असंच उघडतो ना. इथे मी त्यांना थांबवलं. सेफ मोड ही तपासणी आहे, दुरुस्ती नाही. त्यांच्या बिलात रक्कम अक्षरात लिहिणारं ॲड-इन होतं. सेफ मोडमध्ये ते नसतं, त्यामुळे हिशेब पुन्हा झाला की त्या जागी #NAME? येतं. तसं बिल शेतकऱ्याच्या हातात द्यायचं का?

मग आम्ही एक कोरी शीट उघडून File, Options, Add-ins मध्ये गेलो. खाली Manage च्या खिडकीत COM Add-ins निवडून Go. तिथे दोन नावं होती: एक पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, एक बारकोडच्या सॉफ्टवेअरचं. दोन्हींची खूण काढली. मग त्याच खिडकीत Excel Add-ins निवडून अक्षरी रकमेच्या ॲड-इनचीही खूण काढली. एक्सेल बंद करून साधं उघडलं, तर झटक्यात उघडलं.

आता एकेक परत लावायचं, आणि प्रत्येक वेळी एक्सेल पूर्ण बंद करून उघडायचं. घाईत दोन सोबत लावले तर कोण अडकलं ते कळत नाही. अक्षरी रक्कम लावली, ठीक. पीडीएफ लावलं, ठीक. बारकोड लावलं आणि हिरवी पाटी पुन्हा थांबली. विचारलं तर कळलं, ते सॉफ्टवेअर ट्रायलवर टाकलं होतं आणि कित्येक महिने वापरलंच नव्हतं. पुन्हा सेफ मोडमध्ये जाऊन त्याची खूण काढली, मग ते सॉफ्टवेअरच कंट्रोल पॅनलमधून काढून टाकलं. एकूण वीस-पंचवीस मिनिटांचं काम.

कधीकधी खूण काढायला गेलं की HKEY_LOCAL_MACHINE असं काहीतरी लिहिलेला मेसेज येतो आणि खूण निघत नाही. घाबरू नका. ते ॲड-इन कॉम्प्युटरवरच्या सगळ्या युजरसाठी बसवलेलं असतं. एक्सेल Run as administrator ने उघडा, मग निघते.

सगळ्या खुणा काढूनही साधं एक्सेल अडकत असेल तर XLSTART पाहा. विंडोज आणि R दाबून हे टाका:

```
%appdata%\Microsoft\Excel\XLSTART
```

इथे ज्या फाइली आहेत त्या एक्सेल दरवेळी स्वतःहून उघडतं. त्या डेस्कटॉपवर हलवून बघा. डिलीट मात्र करू नका, कारण PERSONAL.XLSB मध्ये तुमचे रेकॉर्ड केलेले मॅक्रो असतात.

आणि सेफ मोडमध्येसुद्धा एक्सेल अडकत असेल तर ॲड-इनच्या मागे लागू नका. मग डीफॉल्ट प्रिंटर बघा. बंद पडलेला नेटवर्क प्रिंटर डीफॉल्ट असला तरी एक्सेल सुरू होताना थांबून राहतं. Microsoft Print to PDF डीफॉल्ट करून बघा. तरी नाही झालं, तर ऑफिस रिपेअर करायची वेळ आली असं समजा. एक्सेल उघडतं पण एकच ठरावीक फाइल उघडताना अडकतं, तर दुखणं त्या फाइलीत आहे, तो वेगळा विषय.

मुळात एक्सेल स्वतः सांगत असतं. एखाद्या ॲड-इनमुळे ते कोसळलं की पुढच्या वेळी त्या ॲड-इनचं नाव घेऊन विचारतं, हे बंद करू का? आपण इंग्रजी मेसेज दिसला की न वाचता No दाबतो. तो मेसेज मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि दुरुस्तीला याल तेव्हा दाखवा, निम्मं काम तिथेच होतं. उलट कधी घाईत Yes दाबलं गेलं आणि कामाचं ॲड-इन गायब झालं, तर Manage मध्ये Disabled Items निवडा, तिथून ते परत चालू करता येतं.

नवीन कॉम्प्युटर घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: हल्लीचं ऑफिस साधारणपणे 64 बिटचं बसतं. जुन्या कॉम्प्युटरवरचं अक्षरी रकमेचं किंवा बारकोडचं ॲड-इन पेनड्राइव्हमधून उचलून टाकायच्या आधी ते 64 बिटवर चालतं का, ते देणाऱ्याला फोन करून विचारा. आणि पेनड्राइव्हमधली .xlam तिथूनच जोडू नका. ती आधी कॉम्प्युटरवर कॉपी करा, मग जोडा. नाहीतर पेनड्राइव्ह काढला की रोज सकाळी फाइल सापडत नाही म्हणून एक्सेल तक्रार करत राहील.