शिलाईच्या खोलीचा मीटर वेगळा करा

चेन्नईत राहणाऱ्या मराठी घरांना, आणि त्यातही ज्या घरात एका खोलीत शिलाई मशीन लागली आहे त्यांना हे सांगायचं आहे. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं इथे सौकारपेठेच्या आसपास वर्षानुवर्षं आहेत, शिवाय नोकरीनिमित्त आलेली घरंही बरीच. पुरुष कामावर जातात आणि घरी बाई ब्लाऊज, पिको-फॉल, मुलांचे युनिफॉर्म शिवायला घेते. सुरुवातीला शेजारणींचे दोन-चार ब्लाऊज, मग दारावर छोटी पाटी, मग मदतीला एक मुलगी आणि दुसरी मशीन. वीज मात्र त्याच घरगुती मीटरवरून चालू राहते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण तिकडे ते बहुतेक वेळा चालतं.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने घरगुती दरात घरच्या घरी चालणाऱ्या लहान धंद्याला जागा दिली आहे. घराच्या एका भागात व्यवसाय असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षात एकूण वापर ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर तो घरगुतीच धरायचा, असा तो नियम. हिशेब वर्षअखेरीस होतो आणि मर्यादा ओलांडली तर आधी कळवून दर बदलतात. सांगली किंवा पुण्यात घरी शिवणाऱ्या बाईला म्हणूनच सहसा कोणी विचारत नाही.

या नियमावर चेन्नईत विसंबू नका. तो महाराष्ट्राच्या आयोगाचा आहे आणि राज्याची हद्द ओलांडली की संपतो. तामिळनाडूच्या घरगुती दरात, म्हणजे टॅरिफ १-ए मध्ये, काही ठरावीक सवलती आहेत. विणकराच्या घरातला हातमाग त्यात बसतो, आणि व्यावसायिकाच्या राहत्या घराला लागून असलेली २०० चौरस फुटांपर्यंतची सल्ल्याची खोलीही बसते. ‘माझी खोली तर दीडशे फुटांचीच आहे’ असा युक्तिवाद काही जणी करतात. ती सवलत डॉक्टर-वकिलांच्या सल्ल्याच्या खोलीसाठी आहे. शिलाईसाठी ती ओढूनताणून लावायला जाऊ नका.

कायदा सगळ्या देशाला एकच आहे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ नुसार ज्या कामासाठी वीज मंजूर झाली त्याहून वेगळ्या कामाला वापरली, तर तो अनधिकृत वापर. आकडा टाकलेला नाही, मीटर नीट चालतो, बिल वेळेवर भरता, तरीही. तपासणीला आलेला अधिकारी जागेवरच्या मशीन, इस्त्री, पंखे, दिवे लिहून घेतो आणि त्यावरून आकारणी करतो. जो दर लागायला हवा होता त्याच्या दुप्पट दराने ती होते. वापर कधीपासून सुरू आहे हे कळलं तर त्या सगळ्या काळाची, आणि कळलं नाही तर तपासणीच्या आधीच्या १२ महिन्यांची.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. काम कधी सुरू झालं याचा पुरावा तुमच्याकडे असेल तर ठेवून द्या. मशीनचं खरेदीचं बिल तीन महिन्यांपूर्वीचं असेल, तर बारा महिन्यांची आकारणी तीन महिन्यांवर आणण्यासाठी तोच कागद उपयोगी पडतो. पण कागद उलटाही बोलतो. दोन वर्षांपूर्वीची उद्यम नोंदणी असेल आणि वीजजोडाचा अर्ज केलेलाच नसेल, तर तारीख तुम्हीच लिहून दिलेली असते. म्हणून नोंदणी आणि अर्ज ही दोन्ही कामं एकाच आठवड्यात उरका.

आता खरा प्रश्न. घरगुती नाही, तर कुठला दर? बहुतेकांना वाटतं की व्यापारी, म्हणजे टॅरिफ ५. पण तामिळनाडूत कुटीरोद्योग आणि अतिलहान उद्योगांसाठी टॅरिफ ३-ए(१) असा वेगळा आणि बराच स्वस्त दर आहे. तो वस्तू तयार करणाऱ्या सूक्ष्म उद्योगांसाठी आहे. आणि सरकारच्या राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणात मापं घेऊन कपडे शिवून देणं हे ‘कपडे निर्मिती’ या गटात येतं, त्याचा क्रमांक १४१०५. उद्यम पोर्टलवर नोंदणी करताना हाच क्रमांक निवडा आणि काम उत्पादनाचं आहे असं नोंदवा. सेवा किंवा व्यापार यांवर बोट पडलं, तर हाती असलेला सगळ्यात चांगला आधार जातो. नोंदणीला पैसे लागत नाहीत, आधार आणि पॅन पुरतात. कुणी हजार-पाचशे मागितले तर तो दलाल आहे.

मात्र खोलीत साड्या, ड्रेस मटेरियल, लेस विकायला मांडलंत, तर ते दुकान झालं आणि व्यापारी दराला तुम्ही स्वतःच दार उघडलंत. महाराष्ट्राचा आयोगही मर्यादेबाहेरच्या शिलाई दुकानांना व्यापारीतच टाकतो, त्यामुळे चेन्नईतला अधिकारी टॅरिफ ५ म्हणाला तर नवल वाटू देऊ नका. वाद घालायचा तो उद्यमचा कागद पुढे ठेवून, आणि उत्तर लेखी मागून. तोंडी ‘चालेल’ हे शब्द तपासणीच्या दिवशी कामाला येत नाहीत.

फरक किती, ते पाहू. जुलै २०२४ च्या दरांनी हिशेब मांडते. त्यानंतर दर थोडे बदलले आहेत, पण दोन वर्गांतलं अंतर समजायला हे पुरे. समजा, खोलीत दोन मशीन, एक ओव्हरलॉक, एक इस्त्री, पंखा आणि दिवे आहेत, मंजूर भार २ किलोवॅट आणि दोन महिन्यांत १५० युनिटं. इथे बिल दोन महिन्यांचं असतं. टॅरिफ ३-ए(१) मध्ये ५०० युनिटांपर्यंत ४.८० रुपये दराने ७२० रुपये, आणि किलोवॅटला महिना ७५ रुपयांप्रमाणे स्थिर आकार ३०० रुपये. एकूण १,०२०. टॅरिफ ५ मध्ये वापर शंभरच्या पुढे गेला की सगळ्याच युनिटांना १०.१५ रुपये लागतात, म्हणजे १,५२२ रुपये ५० पैसे, आणि किलोवॅटला महिना १०७ रुपयांनी स्थिर आकार ४२८. एकूण १,९५० रुपये ५० पैसे. विजेवरचा कर दोन्हीत धरलेला नाही.

या हिशेबात खोलीचा मीटर वेगळा धरला आहे, आणि माझं मुख्य सांगणं तेच आहे. एका मीटरला एकच दर लागतो. खोलीसाठी घराच्या मीटरचाच वर्ग बदलून घेतलात, तर स्वयंपाकघरातला मिक्सर, फ्रिज, मुलांच्या खोलीतला एसी हे सगळं त्या दराने मोजलं जाईल. घरगुती ग्राहकाला दर बिलात मिळणारी १०० मोफत युनिटं जातील. २०१६ पासून ती मिळत आली आहेत. घर आणि खोली मिळून दोन महिन्यांत ४५० युनिटं असतील, तर टॅरिफ ५ ने नुसता वीज आकारच ४,५६७ रुपये ५० पैसे होतो. हाच मीटर न कळवता वापरला आणि बारा महिन्यांच्या २,७०० युनिटांवर दुप्पट दराने आकारणी झाली, तर आकडा ५४,८१० रुपयांवर जातो. त्यातून तुम्ही भरलेली बिलं वजा करायला सांगा. तरी उरणारी रक्कम ब्लाऊज शिवून फेडायला किती दिवस लागतील ते तुम्हीच ठरवा.

वेगळ्या मीटरसाठी ‘टॅरिफ बदल’ हा अर्ज चालत नाही. नवीन जोडाचा अर्ज करावा लागतो, तोही टॅरिफ ३-ए(१) मागून. पूर्वीची टँजेडको आता टीएनपीडीसीएल झाली आहे, पण रिक्षावाल्यापासून घरमालकापर्यंत सगळे अजून ‘ईबी ऑफिस’च म्हणतात. तुमच्या भागाच्या सेक्शन ऑफिसातला असिस्टंट इंजिनिअर हा तुमचा माणूस. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण आधी त्याला भेटून जागा दाखवण्याचं बोलून घ्या. जाण्याआधी परवानाधारक वायरमनकडून खोलीची वायरिंग घरापासून पूर्ण तोडून घ्या. खोलीतला एखादा प्लग घराच्या मीटरवर राहिला आणि इस्त्री त्यावर लावली, की तपासणीत पुन्हा तोच अनधिकृत वापर. वायरमनकडून भाराची यादी लिहून घ्या आणि नंतर एखादी मोठी मशीन आणली तर ती त्यात वाढवून घ्या.

घर भाड्याचं असेल, तर अडचण घरमालकाकडे सुरू होते. जोड त्याच्या नावावर, त्यामुळे त्याची लेखी संमती हवी. तो कचरतो, आणि त्याचं कारण खरं आहे: अनिवासी वापर दिसला तर महापालिकेचा मालमत्ता करही वाढतो. तो फरक कुणी भरायचा हे भाडेकरारात आधीच लिहा. ‘मी युनिटमागे इतके घेईन, तू गप्प शिव’ असं मालक म्हणाला तर मान्य करू नका. कलम १२६ ची आकारणी जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही पाठवता येते.

जोड मिळाला की पहिल्या बिलावर टॅरिफ कुठला छापलाय ते वाचा. ३-ए(१) मागून ५ लागला असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. सेक्शन ऑफिसात दाद लागली नाही, तर वितरण मंडळाच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि पुढे वीज लोकपालाकडे जाता येतं. हा रस्ता दरवर्गाच्या वादासाठी आहे. कलम १२६ ची नोटीस आली असेल तर तो बंद असतो, आणि ग्राहक न्यायालयही ते प्रकरण घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा करायचं एवढंच: तात्पुरत्या आकारणीवर मुदतीत लेखी हरकत द्यायची, सुनावणी मागायची, मशीनचं बिल आणि वायरिंगचे कागद तिथेच दाखवायचे. अंतिम आदेश आल्यावर ३० दिवसांत अपील करता येतं, पण त्यासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून हरकतीचा कागद टाळून ‘नंतर बघू’ म्हणू नका.

आणि काम बंद केलंत, गावी परत निघालात किंवा दुकान बाहेर हलवलंत, तर त्या खोलीचा जोडही तोडून घ्या. मशीन विकली तरी स्थिर आकार दर बिलाला चढतच राहतो, आणि मालकाच्या हातात अनामत रकमेतून कापायला ते एक कारण मिळतं. शेवटचं रीडिंग कर्मचाऱ्यासमोर घेऊन त्याची पावती मागा.