'नरवा' लिहिलं तर लाल रेघ कशाला?

मुलाच्या वहीत 'नरवा' दिसला की लाल पेन उचलणारे शिक्षक आमच्या पेशात कमी नाहीत. शब्द गावठी आहे म्हणे. खोडून वर 'तीन दिवसांनी' लिहून देतात. माझं म्हणणं असं की, यानं भाषा सुधारत नाही, उलट चांगलं वाक्य बिघडतं.

राजूरचंच उदाहरण घ्या. आज रविवार आहे आणि येत्या मंगळवारी अंगारकी, म्हणजे गणपतीला गर्दी. 'परवा अंगारकी आहे' म्हटलं की विषय संपला. पण 'दोन दिवसांनी अंगारकी आहे' म्हणा. एक जण सोमवार, मंगळवार असं मोजून मंगळवारी येईल. दुसरा म्हणेल, दोन दिवस जाऊ द्यायचे आहेत, आणि बुधवारी येईल. चूक कुणाचीच नाही. आपण तर आजचा दिवसही मोजणारी माणसं, म्हणून सात दिवसांच्या आठवड्याला 'आठ दिवस' म्हणतो. आकड्यात हा घोळ आहे, 'परवा'त नाही.

आता रमजानची अठ्ठाविसावी तारीख घ्या. घराघरात एकच प्रश्न असतो, ईद कधी? उद्या एकोणतिसावा रोजा. संध्याकाळी चाँद दिसला तर ईद परवा, नाही दिसला तर तीस पूर्ण करून नरवा. 'परवा नाहीतर नरवा' एवढ्यात सगळं आलं. इंग्रजीत 'टू ऑर थ्री डेज' म्हणाल, तर ऐकणाऱ्याला वाटेल की अंदाज सांगतोय. इथं अंदाज नाही, दोनच ठरलेले दिवस आहेत. इंग्रजीतही परवासाठी 'ओव्हरमॉरो' हा शब्द होता, लोकांनी तो सोडला. आता चार शब्दांचं 'द डे आफ्टर टुमारो' म्हणत बसतात. आपल्याला हौस त्यांच्या मागं जायची.

या शब्दांत खोट नाही असं मी म्हणत नाही. 'परवा' मागंही जातो आणि पुढंही. 'परवा आला' आणि 'परवा येईल' यात क्रियापद सांभाळून घेतं, पण 'परवाची मीटिंग' झाली की व्हायची आहे, ते कळत नाही. तिथं इंग्रजी सरस, मान्य. 'नरवा'ची अडचण वेगळी. कुणी या दिवसाला 'तेरवा' म्हणतं, तर काही घरांत 'नरवा' त्याच्याही पुढचा दिवस. उर्दूत 'नरसों'चंही तेच, कुणाचा तिसरा, कुणाचा चौथा.

यावर इलाज साधा आहे. शब्द ठेवा आणि शेजारी वार लिहा: 'परवा, मंगळवारी'. लाल पेन चालवायचाच असेल तर उर्दू बोलणाऱ्या घरातलं मूल 'मी काल येईन' लिहितं, तिथं चालवा. उर्दूचा 'कल' उद्याही असतो, मराठीचा 'काल' फक्त गेलेला असतो. ही चूक खरी आहे, आणि ती समजावून सांगायला तास लागतो. 'नरवा' खोडायला एक रेघ पुरते, म्हणून आम्ही तेच खोडतो.