काकांच्या दिवाणजीचा रेफरन्स

आमच्या काकांचा मार्केट यार्डात गूळ-भुसार विभागात गाळा आहे. गेल्या शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. "अरे, तुझं ते कंप्युटरचं डोकं घेऊन जरा इकडे ये. एक इमेल लिहायचीय."

गेलो. काका स्क्रीनकडे संशयाने बघत बसले होते. त्यांच्याकडे तीन वर्षं दिवाणजी म्हणून काम केलेला मुलगा चार महिन्यांपूर्वी सोडून गेला होता. आता तो एका मसाले निर्यात करणाऱ्या कंपनीत माल पाठवणी आणि बिलिंगच्या जागेसाठी प्रयत्न करत होता आणि तिथल्या एचआरने काकांना पाच प्रश्न पाठवले होते. किती काळ होता, काय काम करायचा, काय चांगलं, सुधारणेला वाव कुठे, आणि पुन्हा घ्याल का.

काकांनी दोन ड्राफ्ट करून ठेवले होते. पहिला: "अतिशय प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ व सुस्वभावी मुलगा आहे." दुसरा, बहुतेक जेवणानंतर काही जुनं आठवल्यावर लिहिलेला: "हुशार आहे, पण निष्काळजी आहे."

मी म्हटलं, "काका, दोन्ही चुकलेत."

आमच्याकडे ऑफिसात कुणी "लॉगिन नीट चालत नाही" एवढाच बग टाकला की आम्ही तो परत पाठवतो. कुठल्या स्क्रीनवर, काय केल्यावर, किती वेळा झालं, आणि पुढच्या व्हर्जनमधे दुरुस्त झालं का? हे नसेल तर त्या ओळीचा कुणालाच उपयोग नाही. "निष्काळजी" हा अगदी तसलाच बग रिपोर्ट. आणि "सुस्वभावी" हाही तसलाच, फक्त गोड!

मग मी काकांना विचारलं, नेमकं झालं काय होतं?

गेल्या दिवाळीच्या गर्दीत एका शेतकऱ्याच्या दहा किलोच्या ८४ ढेपा आल्या. दिवाणजींनी पट्टी करताना आकडे उलटे टाकले, ४८. म्हणजे ३६ ढेपा कमी, ३६० किलो. साडेचार हजार रुपये क्विंटलने १६,२०० रुपये त्या शेतकऱ्याला कमी गेले. आता आकडा उलटा पडणं कुणाच्याही हातून होतं. खरी गोम पुढे आहे. दुसऱ्याच दिवशी खरेदीदाराच्या बिलाशी पट्टी जुळेना, म्हणजे पोराला चूक कळली होती. पण गर्दी ओसरली की गुपचूप दुरुस्त करू म्हणून तो बोलला नाही. पाचव्या दिवशी शेतकऱ्याचाच फोन आला. त्याआधी असंच एकदा छोट्या रकमेबाबत झालं होतं. नंतर काकांनी नियम केला, रोज संध्याकाळी गाळा बंद करायच्या आधी तोलपावत्या आणि पट्ट्या समोरासमोर बसून जुळवायच्या. पुढचे सहा महिने, म्हणजे तो जाईपर्यंत, एकही पट्टी चुकली नाही. उलट दोन फरक त्याने स्वतःहून त्याच संध्याकाळी दाखवले.

म्हणजे दोष "निष्काळजी" हा नव्हताच! दोष होता "वाईट बातमी उशिरा सांगणे", आणि तोही बऱ्यापैकी सुटलेला.

आता हे लिहायचं की नाही? काका म्हणाले, "जाऊ दे रे, गरिबाचं पोर आहे, कशाला पोटावर पाय द्यायचा?" त्यांचा मुद्दा खोटा नाही. पण मी तीन गोष्टी बघतो. ते मी स्वतः पाहिलंय की कानावर आलंय? एकदाच झालं की पुन्हा झालं? आणि नव्या कामाशी त्याचा संबंध आहे का? इथे तिन्हींची उत्तरं लिहायच्या बाजूने होती. नवं काम वजनं आणि बिलांचंच आहे. तिथे हीच चूक झाली तर अख्खा कंटेनर अडकेल, आणि पोराला पहिल्या तीन महिन्यांतच नारळ मिळेल. त्यापेक्षा त्याच्या नव्या साहेबाला आधीच कळलं की याच्याबरोबर संध्याकाळी दहा मिनिटं बसलं की काम चोख होतं, तर त्यात पोराचाच फायदा.

याच चाळणीतून दोन गोष्टी बाहेरही गेल्या. त्याने घरच्या आजारपणासाठी उचल घेतली होती, ती पगारातून फिटली. आणि सोडताना काकांशी थोडी बाचाबाची झाली होती. दोन्ही खरं आहे, पण दोन्हीचा बिलांशी काही संबंध नाही. प्रामाणिकपणा म्हणजे माहीत असलेलं सगळं ओकणं नव्हे.

दुसरी गंमत "पण" या शब्दाची. "हुशार आहे, पण..." म्हटलं की वाचणारा पणच्या आधीचं सगळं विसरतो. म्हणून दोष शेवटी ठेवायचा नाही, मधे ठेवायचा, आणि त्याच्या लगेच मागे काय बदललं ते. शेवटची मेल इंग्रजीत गेली, मराठीत साधारण अशी:

"हे आमच्याकडे तीन वर्षं दिवाणजी होते. पट्ट्या, बिलं आणि रोजची रोकड त्यांच्याकडे असे. रोकड कधीही कमी निघाली नाही. फोनवर चिडलेल्या शेतकऱ्याला ते शांतपणे हिशेब समजावून सांगत. पहिल्या अडीच वर्षांत दोनदा स्वतःची चूक लक्षात येऊनही त्यांनी ती काही दिवस सांगितली नाही. त्यानंतर आम्ही रोज संध्याकाळी पावत्या जुळवू लागलो, आणि पुढच्या सहा महिन्यांत चूक झाली नाही, दोन फरक त्यांनी स्वतः दाखवले. रोजची अशी पडताळणी असेल तिथे ते उत्तम काम करतील. माझ्याकडे जागा झाली तर मी त्यांना परत घेईन."

पाठवायच्या आधी काकांनी पोराला फोन करून मेल वाचून दाखवली. मला वाटलं चिडेल. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "शेठ, खरंय ते. मुलाखतीत विचारलं तर मीच सांगतो." हा फोन मला मेलइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्याला माहीत नसलेलं वाक्य त्याच्या पाठीमागे जाऊ नये. आणि एचआरचा उलट फोन आलाच, तर मेलमधे आहे तेच बोलायचं. कागदावर गोड आणि फोनवर "आता काय सांगू..." हा प्रकार सगळ्यात घातक.

काकांना कोर्टकचेरीची धास्ती होती. १८६० च्या दंड संहितेत बदनामीच्या कलम ४९९ ला नववा अपवाद होता, आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. त्याखालचं उदाहरण चक्क एका दुकानदाराचं आहे. तो आपल्या व्यवस्थापकाला सांगतो की अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नकोस, त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल माझं मत बरं नाही. आता हा विषय २०२३ च्या न्याय संहितेत कलम ३५६ मधे आहे. पण सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, पुरेशी काळजीही. इंग्लंडमधे १९९४ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स खटल्यात तेच म्हटलं: निष्काळजीपणे लिहिलेल्या रेफरन्सने नोकरी गेली तर लिहिणारा जबाबदार ठरू शकतो. गंमत म्हणजे इथे निष्काळजी ठरतो तो लिहिणारा!

आणि चांगलं लिहिण्यासारखं खरंच काही नसेल तर? मग नाही म्हणायचं, पण एचआरला नाही, त्या मुलाला. "माझ्याकडून तुझा फायदा होणार नाही, दुसऱ्या कुणाचं नाव दे." तेवढं तोंडावर सांगायची हिंमत ठेवावी.

असो. मेल गेली. काकांनी मला अर्धा किलो गूळ दिला. वजन मी मोजून घेतलं नाही. :)