शून्य बेरजेचा दोष कोणाचा?

मराठी आकड्यांची बेरीज चुकली की ठरलेला सल्ला मिळतो : ‘आकडे इंग्रजीतच टाका, कॉम्प्युटरला मराठी आकडे कळत नाहीत.’ अंबरनाथ पश्चिमेतल्या सोसायट्यांच्या हिशेबाच्या बैठकीत हे ब्रह्मवाक्य मानलं जातं. त्याचा पहिला अर्धा भाग तात्पुरती सोय म्हणून चालेल, पण दुसरा सपशेल खोटा आहे.

आधी घोटाळा नीट पाहू. समजा, एका सोसायटीच्या खजिनदारांनी पाच सदनिकांची देखभालवर्गणी एक्सेलमध्ये एकाखाली एक टाकली. तीन आकडे त्यांनी स्वतः टाकले : 1850, 1850, 1850. उरलेले दोन सचिवांनी मोबाइलवर मराठी कळफलकाने लिहून पाठवले होते, ते तसेच चिकटवले : २१००, २१००. खरी बेरीज ९७५०. सूत्र मात्र 5550 दाखवतं. चूक दाखवणारा लाल शेरा नाही, इशारा नाही. ४२०० रुपये गुपचूप गळाले. सरासरी काढली तर 1950 ऐवजी 1850 येते आणि ती इतकी सभ्य दिसते की कुणाला शंकाही येत नाही. सगळेच आकडे मराठीत असते तर बेरीज शून्य आली असती आणि निदान लगेच कळलं असतं. मिसळ झाली की हिशेब बिघडूनही शाबूत दिसतो. मराठी आकड्यांच्या त्या दोन खान्यांची अधिक चिन्हाने बेरीज केली तर मात्र #VALUE! असा शेरा येतो. SUM तेवढंही करत नाही, मजकूर दिसला की वगळून पुढे जातं.

‘पूर्वी तर मराठी आकड्यांची बेरीज व्हायची,’ असं जुने कारकून शपथेवर सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. युनिकोडपूर्वीच्या अनेक मराठी फॉन्टांत आत साठवलेला आकडा इंग्रजी 1 च असे, फॉन्ट फक्त त्याला १ चं रूप देई. म्हणजे यंत्राला तेव्हाही मराठी आकडा कळत नव्हता, त्याला तो दिसतच नव्हता. युनिकोडने १ ला स्वतःचा क्रमांक दिला आणि झाकलेलं उघडं पडलं.

आता ‘कळत नाही’ हे म्हणणं तपासू. युनिकोडच्या कोष्टकात ० ते ९ ही नुसती चित्रं म्हणून नोंदलेली नाहीत. प्रत्येकाचा दर्जा ‘दशमान अंक’ असा आहे आणि त्याची किंमतही तिथेच लिहिलेली आहे. पायथन ही नोंद वाचते :

```
>>> int("२१००")
2100
```

जावास्क्रिप्ट वाचत नाही :

```
> Number("२१००")
NaN
```

तोच संगणक, तेच चार अंक. तेव्हा अडचण यंत्राच्या बुद्धीची नसून प्रणाली लिहिणाऱ्यांच्या निर्णयाची आहे.

मराठी अंक स्वीकारायला विरोध करणाऱ्यांचा एकच मुद्दा वजनदार आहे. सगळ्या लिप्यांचे अंक स्वीकारले तर फसवणुकीला वाट मिळेल. बंगाली ৪ म्हणजे चार, पण दिसतो इंग्रजी आठसारखा. हे मान्य. पण त्यावर उपाय सरसकट बंदी हा नव्हे. एका संख्येत एकाच लिपीचे अंक चालतील, मिसळ आली की ठणकावून नाकारावी, हा नियम पुरेसा आहे. एक्सेलच्या SUM मध्ये आज घडतं ते याच्या उलट : ना स्वीकार, ना नकार, नुसतं मौन.

दुसऱ्या टोकाला अस्मितावाले आहेत. आपले अंक किती जुने, हे सांगताना ते अंबरनाथ पूर्वेच्या शिवमंदिरातल्या शके ९८२ च्या शिलालेखापर्यंत जातात. लेख खरा आहे, पण त्याने खजिनदारांची बेरीज जुळत नाही. ती जुळते साठवण आणि दिसणं वेगळं केल्यावर. मोजायचा आकडा आत 2100 म्हणूनच साठवावा आणि खान्याच्या सानुकूल स्वरूपात हे लिहावं :

```
[$-4000439]0
```

पडद्यावर आणि छापील पावतीवर २१०० दिसतं, बेरीजही होते. आधीच चिकटवलेले आकडे सुधारायचे तर ‘शोधा आणि बदला’ दहा वेळा चालवावं : ० च्या जागी 0, १ च्या जागी 1, असं ९ पर्यंत. ते फक्त रकमेच्या स्तंभावर चालवा; सदनिका क्रमांक ००४ त्यात सापडला तर नुसता 4 उरतो. खान्याचं स्वरूप आधीपासून ‘मजकूर’ असेल तर ते प्रथम बदला, नाहीतर बदललेले आकडेही मजकूरच राहतात.

ही तडजोड आहे, न्याय नव्हे. मराठी कळफलक देऊन त्यावरचे अंक मोजायला नकार देणाऱ्या प्रणालीने निदान तसं स्पष्ट सांगायला हवं, आणि ती विकत घेणाऱ्या कार्यालयांनी खरेदीच्या अटींत ‘देवनागरी अंक स्वीकारा किंवा चूक दाखवा’ ही ओळ घालायला हवी. तोवर खजिनदारांनो, वार्षिक सभेला जाण्याआधी रकमेच्या स्तंभाखाली =COUNT आणि =COUNTA ही दोन सूत्रं लिहून पाहा. वरच्या यादीत पहिलं 3 सांगेल, दुसरं 5. दोन्ही उत्तरं सारखी येत नाहीत तोवर ताळेबंदावर सही करू नका.