नोकरी सुरू असताना दुसरीकडे अर्ज: ‘गुप्त ठेवा’ हे कसं लिहायचं?



अर्जाच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत राहून गेला होता, तो आज सविस्तर लिहितो. तुम्ही एका ठिकाणी कामाला आहात आणि दुसरीकडे अर्ज करायचा आहे. सध्याच्या मालकाला कळू नये असं वाटतं. मग अर्जात ते लिहावं की नको? लिहिलं तर समोरच्याला आपण घाबरट किंवा लपवाछपवी करणारे वाटू का?

माझं मत स्पष्ट आहे. लिहावं, आणि अर्जातच लिहावं. गोपनीयता मागितल्याने अर्ज कमजोर होत नाही. ती चुकीच्या जागी, चुकीच्या कारणासह आणि नको तितक्या लांबीने मागितली की होतो. मी स्वतः दुकान चालवतो, त्यामुळे या टेबलाच्या दोन्ही बाजू मला दिसतात.

पुण्या-मुंबईत हा प्रश्न थोडा सोपा आहे, कारण तिथे दोन कंपन्यांच्या मालकांची ओळख असेलच असं नाही. आपल्या औंढा नागनाथला तसं नाही. इथला व्यापारी हिंगोलीच्या व्यापाऱ्याला ओळखतो, हिंगोलीचा वसमतच्या, आणि सगळ्यांचा माल बऱ्याचदा नांदेडहून येतो. बातमी फुटण्यासाठी कुणी वाईट असावं लागत नाही. “तुमच्याकडचा पोरगा आमच्याकडे आला होता, कसा आहे?” असा एक साधा फोन पुरतो. फोन करणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण त्या दिवसापासून पोराच्या हातातून गल्ल्याची चावी जाते. कुणाचा महिन्याचा पगार अडतो, तर कुणाची मूळ प्रमाणपत्रं मालकाच्या कपाटात अडकतात.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा, औंढ्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात एक मुलगा चार वर्षं हिशेबाला आहे. टॅलीत बिलं टाकतो, जीएसटीची माहिती तयार करतो, खताच्या पॉस मशीनवरचा साठा आणि गोदामातला साठा जुळवतो. नांदेडच्या नवा मोंढ्यातल्या एका वितरकाला लेखापाल हवा आहे. हा मुलगा अर्जाची सुरुवात अशी करतो:

“महोदय, कृपया हा अर्ज कुणालाही दाखवू नये ही नम्र विनंती. मी जिथे काम करतो तिथे कळले तर माझी नोकरी जाईल. मालकांचा स्वभाव कडक आहे. घरची सर्व जबाबदारी माझ्यावर आहे, तरी कृपया समजून घ्यावे.”

यातलं सगळं खरं असेल. पण वाचणाऱ्याच्या जागी बसा. पहिल्या चार ओळीत त्याला मुलाच्या कामाबद्दल काहीच कळलं नाही, फक्त भीती कळली. दुसरं, हा आज त्याच्या मालकाबद्दल मला सांगतोय, उद्या माझ्याबद्दल तिसऱ्याला सांगेल, हे लगेच मनात येतं. आणि तिसरं, जे फार कमी जणांच्या लक्षात येतं: याला अडचण आहे हे समजल्यावर पगाराची बोलणी तिथेच खाली येतात. गरजू माणूस कमी पैशात येतो, हे प्रत्येक मालकाला माहीत असतं.

आता तोच अर्ज वेगळ्या क्रमाने लिहू. सुरुवात कामाने करायची: चार वर्षांचा अनुभव, कोणकोणती कामं एकट्याने सांभाळतो, या जागेसाठी त्याचा उपयोग काय. हे दोन परिच्छेद झाल्यावर, शेवटच्या ‘आपला विश्वासू’च्या आधी, एवढंच:

“सध्याच्या आस्थापनेत मी कार्यरत असून या अर्जाबाबत तेथे कल्पना दिलेली नाही. त्यामुळे अर्ज गोपनीय ठेवावा व निवड निश्चित होईपर्यंत तेथे संपर्क करू नये, ही विनंती. माझ्या कामाबद्दल चौकशीसाठी माझ्या आधीच्या मालकांचा क्रमांक सोबत देत आहे. माझ्याशी फोनवर बोलण्यासाठी दुपारी 2 ते 3 किंवा रात्री 8 नंतरची वेळ सोयीची आहे.”

यात चार गोष्टी आहेत आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी परिस्थिती, एका वाक्यात आणि कारणाशिवाय. ‘का’ सांगायची गरज नाही, नोकरी करणाऱ्या प्रत्येकाचं कारण तेच असतं. मग विनंती, तीही मुदतीसह. ‘कधीच विचारू नका’ असं म्हटलं की संशय येतो. ‘निवड निश्चित होईपर्यंत’ म्हटलं की समोरच्याला कळतं, याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, फक्त वेळेचा प्रश्न आहे. तिसरी गोष्ट पर्याय. मालकाला चौकशी करायचीच असते, तो त्याचा हक्क आहे. तुम्ही एक दार बंद करताय, तर दुसरं उघडून द्या. शेवटी फोनची वेळ, म्हणजे दुकानात गिऱ्हाईक असताना फोन वाजणार नाही आणि कोपऱ्यात जाऊन कुजबुजावं लागणार नाही.

पर्याय म्हणून कुणाचं नाव द्यायचं, इथे जपून. आधीचा मालक सगळ्यात चांगला, त्याला आधी फोन करून विचारून घ्या. पहिलीच नोकरी असेल तर कॉलेजचे सर चालतात. पण तुमच्या सध्याच्या दुकानाचं रिटर्न भरणारे कर सल्लागार किंवा रोज येणारा कंपनीचा सेल्स ऑफिसर, यांचं नाव देऊ नका. ते तुम्हाला चांगलं ओळखतात हे खरं, पण त्यांचं पोट तुमच्या मालकाशी जोडलेलं आहे. आणि तो सेल्स ऑफिसर सकाळी तुमच्या दुकानात असतो, दुपारी दुसऱ्याच्या.

मग सध्याच्या दुकानाचं नाव अर्जात द्यायचं का? अनेकजण ‘हिंगोली जिल्ह्यातील एक नामांकित फर्म’ असं लिहितात. माझ्या मते, समोरचा मालक कोण हे तुम्हाला माहीत असेल तर नाव सरळ लिहा. नाव नसलेला अनुभव हलका वाटतो, आणि आपल्या भागात दोन प्रश्नांत नाव कळतंच. याला एक अपवाद आहे. जाहिरातीत कंपनीचं नावच नसेल, फक्त मोबाईल नंबर असेल किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढे ढकललेला मेसेज असेल, तर आधी फोन करून विचारा की जागा कुणाकडे आहे. ती जाहिरात तुमच्याच मालकाची किंवा त्याच्या मेहुण्याची असू शकते. उत्तर मिळेपर्यंत नाव नसलेला, फक्त कामाचा तपशील असलेला अर्ज द्या.

आपल्या उदाहरणात अजून एक गाठ आहे. नांदेडचा तो वितरक औंढ्याच्या याच दुकानाला माल देत असेल तर? मग मुलाचा मालक हा वितरकाचा ग्राहक झाला. अशा वेळी कितीही चांगलं वाक्य लिहिलं तरी वितरक विचार करणार, की गिऱ्हाइकाचा माणूस फोडला असं व्हायला नको. इथे अर्ज दुकानाच्या नंबरवर पाठवू नका. दुकानाचं व्हॉट्सअॅप काउंटरच्या संगणकावर उघडं असतं, ते वसुलीचा माणूसही वाचतो. मालकाचा स्वतःचा नंबर मिळवा, किंवा बंद पाकिटावर त्यांचं नाव आणि ‘गोपनीय’ लिहून हातात द्या. आणि वाक्यात एवढी भर घाला: “आपले व आमच्या आस्थापनेचे व्यावसायिक संबंध असल्याची मला जाणीव आहे. निवड झाल्यास मी रीतसर सूचना देऊन व हिशेब पूर्ण करूनच रुजू होईन.” त्याच्या मनातली शंका तुम्हीच आधी ओळखली, हे त्याला आवडतं.

आता एक कडक गोष्ट. काही मुलं अर्जासोबत पुरावा म्हणून सध्याच्या दुकानाच्या टॅलीचे फोटो किंवा उधारीची यादी पाठवतात. एकीकडे ‘माझा अर्ज गुप्त ठेवा’ म्हणायचं आणि दुसरीकडे मालकाचा हिशेब बाहेर काढायचा, हे एकाच कागदावर शोभत नाही. मी असा अर्ज बाजूला ठेवतो. काम दाखवायचं असेल तर आकडे न फोडता सांगा: “मासिक जीएसटीआर-1 ची माहिती 11 तारखेच्या आत आणि 3बी ची 20 तारखेच्या आत तयार करून देतो.” जाणकाराला एवढ्यात कळतं.

हेच इतर साधनांना लागू. अर्ज दुकानाच्या संगणकावर टाइप करू नका, तिथल्या प्रिंटरवर काढू नका, स्वतःचाच ईमेल वापरा. लिंक्डइनवर `Open to work` लावताना ते सगळ्यांना न दाखवता फक्त रिक्रूटर लोकांना दाखवायचा पर्याय निवडा. पण त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. तुमच्याच कंपनीच्या माणसांना ते दिसणारच नाही, याची हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही.

या विनंतीची मर्यादाही समजून घ्या. ती विनंती आहे, करार नाही. समोरच्याने पाळली नाही तर तुम्ही फार काही करू शकत नाही, म्हणून जिथे तोंड फुटण्याची जास्त शक्यता आहे तिथे अर्ज न करणंच बरं. मोठ्या कंपन्या नेमणुकीआधी पडताळणी करतात. तो फॉर्म भरताना सध्याच्या नोकरीची पडताळणी राजीनाम्यानंतर करा, असं लिहून द्या. आणि सरकारी नोकरीत असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. यूपीएससीच्या अर्जात तर कार्यालयप्रमुखांना लेखी कळवलं आहे, असं स्वतःच सांगावं लागतं. तिथे गोपनीयता मागायला गेलात तर अर्जच अडचणीत येईल.

मध्येच मालकाने तोंडावर विचारलं, “दुसरीकडे बघतोयस का रे?” तर? खोटं बोलू नका. “हो मालक, चौकशी चालू आहे. ठरलं तर पहिल्यांदा तुम्हालाच सांगेन आणि काम समजावून देऊनच जाईन.” पण स्वतःहून सांगायला जाऊ नका, जोपर्यंत पगाराचा आकडा आणि रुजू होण्याची तारीख लेखी हातात येत नाही. आणि खरीप तोंडावर असताना, जूनमध्ये, दुकान सोडून जाऊ नका. त्या एका गोष्टीवरून लोक तुम्हाला दहा वर्षं लक्षात ठेवतात.

शेवटचं माझ्यासारख्या दुकानदारांसाठी. कुणाचा अर्ज आला आणि त्यात ही ओळ असली, तर तो फोन करू नका. त्याच्या आधीच्या मालकाला विचारा, दोन दिवस कामाची चाचणी घ्या, टॅली उघडून समोर बसवा. आज तुम्ही दुसऱ्याच्या माणसाचं गुपित राखलंत, तर उद्या तुमचा माणूस कुठे गेला होता हे गावभर होणार नाही.

वरचा मजकूर तुमच्या शब्दांत वहीत उतरवून घ्या. कुठे अडलं तर विचारा, पुढच्या व्हिडिओत राजीनाम्याचा अर्ज घेऊ.