दोन अंदाजपत्रके, एक सभा

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी सोसायटीने दोन ठेकेदारांना एकाच वेळी झूमच्या सभेत बोलावले आहे, असे समजू. दोघांची अंदाजपत्रके शेजारी-शेजारी पाहून सभासदांना कौल द्यायचा आहे. झूममध्ये एरवी एका वेळी एकालाच आपला स्क्रीन दाखवता येतो. ही अट सचिवांना, म्हणजे सभेच्या होस्टला, बदलता येते. संगणकावर स्क्रीन शेअर करण्याच्या बटणाशेजारच्या बाणावर क्लिक करून `Multiple participants can share simultaneously` हा पर्याय निवडायचा. मग दुसऱ्या ठेकेदाराने आपला कागद दाखवायला सुरुवात केली, तरी पहिल्याचा बंद पडत नाही.

खरी मेख पुढेच आहे. दोन्ही कागद एकदम दिसण्यासाठी पाहणाऱ्याच्या संगणकाला दोन मॉनिटर जोडलेले हवेत आणि झूमच्या सेटिंग्जमध्ये `Use dual monitors` सुरू हवे. एकच मॉनिटर असणाऱ्याला सर्वांत शेवटी सुरू झालेला स्क्रीन तेवढा दिसतो. वरच्या `View Options` मधून त्याला दुसऱ्यावर जाता येते; पण हे त्याला कुणी सांगितले तरच.

सचिवांकडे दोन मॉनिटर असतील, तर त्यांना सारे ठीकच वाटते. घरोघरी लॅपटॉपसमोर बसलेल्यांना मात्र नंतर आलेल्या ठेकेदाराचाच कागद दिसत राहतो. त्याच्या कागदावर ४,००० चौरस फुटांसाठी ३,८०,००० रुपये आहेत. न दिसलेल्या कागदावर ४,४०,००० आहेत, परंतु त्यात जुना कोबा फोडून राडारोडा उचलण्याचा खर्च धरलेला आहे. म्हणजे चौरस फुटाला ९५ विरुद्ध ११० रुपये. पण काम सारखे नाही. हा फरक न पाहताच हात वर झाले, तर राडारोड्याचे बिल पुढे सर्वांनाच भरावे लागेल.

म्हणून मतदानापूर्वी सचिवांनी दोन-तीन सभासदांना दोन्ही कागदांवरची शेवटची रक्कम वाचायला सांगावी. एखाद्याला एकच रक्कम वाचता आली, तर त्याला एकच कागद दिसतो आहे, हे लगेच कळते.

बहुतेकांकडे एकच पडदा असेल, तर दोघांना एकदम शेअर करू देण्याचा हट्ट नसावा. दोन्ही अंदाजपत्रके आदल्या दिवशी मागवून घ्यावीत. विंडोज संगणकावर एक फाइल उघडून विंडोज-कळ आणि डावा बाण दाबला, की ती डाव्या अर्ध्या भागात बसते. दुसरी उजव्या बाणाने उजवीकडे जाते. मग सचिवांनी पूर्ण डेस्कटॉप शेअर करावा, कारण एकच खिडकी निवडली तर पुन्हा एकच कागद दिसेल. ठेकेदारांनी नुसते बोलावे. अक्षरे लहान दिसतात, तेव्हा मोजक्या ओळी मोठ्या करून दाखवाव्यात. असे केल्याने प्रत्येकाला तेच आणि एकाच वेळी दिसते.